दोन सर्व्हर उचला, त्यातला मोकळा निवडा

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून महापेकडे जाताना बिनखिडक्यांच्या मोठ्या इमारती दिसतात. त्या डेटा सेंटर आहेत. आपण मोबाइलवर औषध मागवतो किंवा विजेचं बिल भरतो, तेव्हा ती रिक्वेस्ट अशाच एखाद्या इमारतीतल्या सर्व्हरवर जाऊन पोहोचते. एवढ्या सर्व्हरांपैकी नेमक्या कोणत्या सर्व्हरवर ती पाठवायची, हे लोड बॅलन्सर नावाचा प्रोग्राम ठरवतो. त्याच्याकडे विचार करायला जवळपास वेळच नसतो, कारण एका सेकंदात असे शेकडो किंवा हजारो निर्णय घ्यायचे असतात.

हा निर्णय घेण्याची एक रीत इतकी साधी आहे, की पहिल्यांदा ऐकल्यावर तिच्यात विशेष काही आहे असं वाटत नाही. कोणतेही दोन सर्व्हर रँडम निवडायचे, दोघांवर सध्या किती कामं चालू आहेत ते बघायचं आणि ज्याच्यावर कमी त्याला रिक्वेस्ट द्यायची. बाकीच्या सर्व्हरांकडे बघायचंही नाही. रँडम एकच सर्व्हर निवडण्यापेक्षा हे थोडं बरं असेल, असा आपला अंदाज असतो. प्रत्यक्षात फरक थोडा नसतो, आणि तो कुठून येतो हे समजून घेण्यासारखं आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. ठाण्यातली एक ऑनलाइन औषधविक्री सेवा आहे. तिचे 20 सारखे सर्व्हर महापेला ठेवलेले आहेत. एका रिक्वेस्टला सरासरी 40 मिलिसेकंद लागतात, म्हणजे एक सर्व्हर सेकंदाला 25 रिक्वेस्ट उरकतो आणि सगळे मिळून 500. संध्याकाळी गर्दीच्या वेळी सेकंदाला 450 रिक्वेस्ट येतात. क्षमतेच्या 90 टक्के. ताण आहे, पण हिशेबाने सगळं बसतंय.

आता बॅलन्सर निव्वळ रँडम पद्धतीने काम करतो असं समजा. प्रत्येक रिक्वेस्टसाठी वीस आकड्यांतून एक आकडा काढायचा आणि तिकडे पाठवायचं. यात कुणावर अन्याय नाही, प्रत्येकाला समान संधी आहे. म्हणून अनेकांना वाटतं की काम आपोआप समान वाटलं जाईल. तसं होत नाही. एकदम 20 रिक्वेस्ट आल्या आणि त्या 20 सर्व्हरांवर रँडम टाकल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक येईल अशी अपेक्षा ठेवू नका. सरासरी सात सर्व्हरांना एकही मिळत नाही, आणि एक-दोन सर्व्हरांवर तीन किंवा त्याहून जास्त पडतात. हिशेब सोपा आहे. एक रिक्वेस्ट एखाद्या ठरावीक सर्व्हरला चुकवण्याची शक्यता 20 पैकी 19 आहे. लागोपाठ वीसही रिक्वेस्ट त्याला चुकवण्याची शक्यता निघते सुमारे 36 टक्के. वीसचे 36 टक्के म्हणजे सात.

सात सर्व्हर हात बांधून उभे, आणि त्याच वेळी दुसरीकडे रांग. रँडम वाटपाचा दोष हा आहे. तो आपल्या लक्षात येत नाही याचंही कारण आहे. दिवसाचा अहवाल उघडला तर तिथे सगळं छान समान दिसतं. दिवसभरात 20 लाख रिक्वेस्ट आल्या, तर प्रत्येक सर्व्हरच्या नावावर साधारण एक लाख असतात, आणि चढउतार तीनशेच्या आसपास, म्हणजे अर्धा टक्काही नाही. असा तक्ता बघून कुणीही म्हणेल की वाटप उत्तम चाललंय. पण ग्राहक दिवसाच्या सरासरीत थांबत नाही. तो संध्याकाळी सात वाजून काही मिनिटांनी एका ठरावीक सर्व्हरच्या रांगेत थांबतो, आणि त्या क्षणी त्याच्या पुढे आठ जण असतील तर दिवसाअखेरीस आकडे जुळण्याचा त्याला काही उपयोग नाही. वाटप बघायचं तर क्षणाचं बघावं लागतं: आत्ता या घडीला कोणत्या सर्व्हरवर किती कामं अर्धवट चालू आहेत.

आता दुसरी रीत. बॅलन्सर दोन वेगवेगळे सर्व्हर काढतो, समजा सातवा आणि सोळावा. सातव्यावर पाच कामं चालू आहेत, सोळाव्यावर दोन. रिक्वेस्ट सोळाव्याकडे जाते. पुढच्या रिक्वेस्टसाठी पुन्हा नवी जोडी. बस्स, एवढंच.

एवढ्याने काय साधलं ते बघा. वीस सर्व्हर गर्दीच्या क्रमाने ओळीत उभे केले, तर सगळ्यांत जास्त गर्दीच्या सर्व्हरला आता नवीन काम मिळूच शकत नाही. तो जोडीत कधीही आला तरी समोरचा त्याच्यापेक्षा मोकळाच असणार. दुसऱ्या टोकाला, सगळ्यांत मोकळा सर्व्हर जोडीत आला की जिंकतोच, आणि जोडीत येण्याची त्याची शक्यता 20 पैकी 2, म्हणजे 10 टक्के. रँडममध्ये त्याला 5 टक्के मिळत होते, आता दुप्पट मिळतात. मधल्या सर्व्हरांचा वाटा या दोन टोकांच्या मध्ये पायरीपायरीने उतरत जातो. म्हणजे प्रत्येक निर्णयात गर्दीकडून मोकळ्याकडे एक हलका पण सततचा ओढा तयार झाला. रँडममध्ये असा ओढा अजिबात नव्हता. तिथे नऊ कामं साठलेल्या सर्व्हरला दहावं मिळण्याची शक्यता रिकाम्या सर्व्हरइतकीच होती.

पण खरी गंमत उंच रांगांमध्ये आहे, आणि तिथे जरा थांबू. एखाद्या सर्व्हरवर तिसरं काम कधी पडेल? जोडीतल्या दोघांवरही आधीच किमान दोन कामं असतील तेव्हाच. एकावर जरी कमी असतं, तरी काम तिकडे गेलं असतं. म्हणजे रांग वाढायला एक नव्हे, दोन वाईट योग एकाच वेळी जुळून यावे लागतात.

याचा हिशेब मांडू. एका वेळेला जितके सर्व्हर तितक्याच रिक्वेस्ट टाकायच्या आहेत, आणि सर्व्हर पुष्कळ आहेत असं धरा. दोन किंवा जास्त कामं असलेले सर्व्हर अर्ध्यापेक्षा जास्त असू शकत नाहीत, नाहीतर कामंच पुरणार नाहीत. मग दोन्ही निवडी अशाच सर्व्हरांवर पडण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे जास्तीत जास्त पाव. तेव्हा तीनच्या पातळीला पोहोचणारे सर्व्हर फार तर पाव हिस्सा. चारची पातळी गाठायला दोन्ही निवडी या पाव हिश्श्यातून यायला हव्यात: एक सोळांश. पाचच्या पातळीला एक भागिले 256. सहाच्या पातळीला एक भागिले 65,536. प्रत्येक पायरीवर आधीच्या अपूर्णांकाचा वर्ग होतो, आणि एकाहून लहान संख्येचा वर्ग पुन्हा पुन्हा केला की ती भराभर नाहीशी होते. रँडम पद्धतीतही उंच रांगा कमी होत जातात, पण असा वर्ग होत नाही, त्यामुळे त्या फार सावकाश कमी होतात.

गणिताच्या भाषेत सांगायचं तर `n` सर्व्हरांवर `n` कामं रँडम टाकली, तर सर्वांत मोठी रांग साधारण `ln n / ln ln n` इतकी होते. दोनांतून एक निवडली तर ती `ln ln n / ln 2` च्या जवळपास राहते, वर एक लहानसा स्थिर आकडा. लॉगचा लॉग म्हणजे `n` कितीही मोठा घ्या, उत्तर फारसं हलत नाही. योस्सी अझार, आंद्रेई ब्रोडर, ॲना कार्लिन आणि एली उपफाल यांनी हा निष्कर्ष 1994 मध्ये मांडला. मायकेल मिट्झेनमाकर यांनी 1996 च्या आपल्या प्रबंधात तो सतत चालू राहणाऱ्या रांगांना लावला, आणि त्याच सुमारास व्वेदेन्स्काया, डोब्रुशिन आणि कार्पेलेविच यांनी रशियात स्वतंत्रपणे तेच सूत्र काढलं. आपल्या कामाचं सूत्र हे दुसरं आहे, कारण खऱ्या सेवेत रिक्वेस्ट एकदाच येऊन थांबत नाहीत. त्या येत राहतात आणि सर्व्हर त्या उपसत राहतात.

ते सूत्र असं. सर्व्हर जितका वेळ कामात असतो त्या प्रमाणाला `λ` म्हणू. आपल्या उदाहरणात ते 0.9 आहे. एखाद्या क्षणी `k` किंवा जास्त कामं असलेल्या सर्व्हरांचा हिस्सा:

```
रँडम एक :  λ^k
दोनांतून एक :  λ^(2^k - 1)
```

पहिल्यात घातांक एकेकाने वाढतो, दुसऱ्यात तो दरवेळी दुपटीहून जास्त होतो. मघाचं वर्ग होत जाणं ते हेच. आकडे घालून बघू. रँडम पद्धतीत पाच किंवा जास्त कामं साठलेले सर्व्हर 59 टक्के निघतात, आणि दहा किंवा जास्त साठलेलेसुद्धा 35 टक्के. दोनांतून एक निवडल्यावर पाच किंवा जास्त कामांचे सर्व्हर राहतात जेमतेम 4 टक्के, आणि सहा किंवा जास्त हजारात एखादा. दहाची रांग दिसतच नाही म्हटलं तरी चालेल.

ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर रँडममध्ये थांबणं आणि काम धरून सरासरी 400 मिलिसेकंद लागतात. दोनांतून एक निवडलं की तोच वेळ 105 मिलिसेकंदांच्या आसपास येतो. सर्व्हर तेच वीस, रिक्वेस्ट तेवढ्याच, आणि प्रत्येक सर्व्हर आजही 90 टक्के वेळ कामात. नवीन यंत्र एकही घेतलं नाही. फक्त आधी एकाच्या दारात रांग आणि दुसरा मोकळा, अशी जी वेळ वाया जात होती ती भरून निघाली. हे सूत्र सर्व्हर पुष्कळ असताना आणि रिक्वेस्ट अनियमितपणे येत असताना लागू पडतं, तेव्हा वीस सर्व्हरांवर मोजलेला आकडा थोडा इकडेतिकडे होईल. चित्र मात्र हेच राहील.

फायदा गर्दीनुसार बदलतो हेही सांगायला हवं. हेच सर्व्हर दुपारी निम्मे मोकळे असतील, तर रँडममध्ये 80 मिलिसेकंद आणि दोनांतून एकमध्ये 51. फरक आहे, पण कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. उलट 99 टक्के ताण आला तर रँडममध्ये चार सेकंद लागतील आणि दोनांतून एकमध्ये 217 मिलिसेकंद. म्हणून दुपारच्या शांत वेळी चाचणी घेऊन «काही फरक पडला नाही» असं ठरवणं चुकीचं आहे. ही पद्धत तपासायची तर गर्दीतच तपासावी.

मग दोनच का, तीन का नको? तीनांतून एक निवडलं तर 90 टक्के ताणावर 105 चे 81 मिलिसेकंद होतात. वाईट नाही. पण एकावरून दोनावर येताना 400 चे 105 झाले होते, त्यापुढे ही सुधारणा किरकोळच. रांगा आटोक्यात येतात त्या तुलना करायला लागल्यामुळे. एकदा तुलना सुरू झाली की ती किती जणांत केली हा दुय्यम प्रश्न उरतो.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका ज्युनियर इंजिनियरने यावर विचारलं, «सर, पण बॅलन्सरला सगळ्या वीस सर्व्हरांची कामं मोजता येतातच की. मग सरळ सगळ्यांत मोकळा का नाही निवडायचा?» प्रश्न अगदी रास्त आहे. बॅलन्सर एकच असेल आणि त्याच्याकडचा आकडा खरोखर ताजा असेल, तर तिचं म्हणणं बरोबर आहे आणि तसंच करावं. पण मोठ्या सेवेत बॅलन्सर एकच नसतो, आणि आकडा ताजा नसतो.

टोलनाक्यावर दुरून एक रांग मोकळी दिसते आणि दहा गाड्या एकदम तिकडे वळतात, मग तीच सगळ्यांत लांब होते. प्रत्येक ड्रायव्हरचा निर्णय त्याच्यापुरता योग्य होता. बॅलन्सरांचं अगदी असंच होतं. आपल्या उदाहरणात आठ बॅलन्सर आहेत आणि सर्व्हरांवरच्या कामाचे आकडे त्यांना सेकंदातून एकदा मिळतात असं समजा. आकडे आले, आठव्या सर्व्हरवर सगळ्यांत कमी कामं. पुढचा अख्खा सेकंद आठही बॅलन्सर सगळ्या रिक्वेस्ट त्यालाच देत राहतात: 450 रिक्वेस्ट, आणि तो सेकंदाला उरकणार 25. एका सेकंदात त्याच्या अंगावर 18 सेकंदांचं काम चढतं. पुढच्या सेकंदाला नवे आकडे येतात आणि दुसऱ्या कुणाची पाळी येते. ग्राफवर हे दिसतं तेव्हा ओळखायला चुकत नाही. एकेका सर्व्हरचा ताण करवतीच्या दात्यांसारखा वर जातो आणि खाली येतो, आणि कोण वर आहे ते दर सेकंदाला बदलतं.

दोनांतून एक निवडताना हेच शिळे आकडे असले, तर सगळ्यांत मोकळ्या दिसणाऱ्या सर्व्हरला 10 टक्केच रिक्वेस्ट जाऊ शकतात, कारण बाकीच्या वेळी तो जोडीतच नसतो. सेकंदाला 45. त्याची क्षमता 25, म्हणजे त्याच्यावरही काम साठेल, पण वीसेक. शेकडो नाही. निवडीतला रँडमपणा इथे संरक्षण देतो: सगळ्यांनी एकच चूक एकाच वेळी करण्याला तो आडवा येतो. मला ही पद्धत पटते ती मुख्यतः याच गुणामुळे, वेगाच्या आकड्यांपेक्षाही.

मात्र इथे एक मर्यादाही लक्षात घ्या. 45 म्हणजेसुद्धा क्षमतेपेक्षा जास्तच. निव्वळ रँडममध्ये प्रत्येकाला साधारण 22 ते 23 मिळाले असते. आकडे फारच शिळे असतील, म्हणजे एक काम उरकायला लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी पट जुने असतील, तर दोनांतून एक हे रँडमपेक्षा वाईटही ठरू शकतं. 40 मिलिसेकंदांच्या कामाला एक सेकंदापूर्वीचा आकडा म्हणजे 25 कामांआधीची बातमी. म्हणून बहुतेक बॅलन्सर बाहेरून आकडे मागवत नाहीत. आपण स्वतः कोणत्या सर्व्हरला किती रिक्वेस्ट दिल्या आणि त्यांपैकी कितींची उत्तरं अजून यायची आहेत, एवढंच मोजतात. हा आकडा कधीच शिळा नसतो.

तो अपुरा मात्र असू शकतो, आणि ही पद्धत प्रत्यक्षात फसते ती बहुधा इथे. हल्ली पुष्कळ ठिकाणी प्रत्येक ॲप्लिकेशनशेजारी तिचा स्वतःचा छोटा प्रॉक्सी असतो आणि तोच बॅलन्सरचं काम करतो. आपल्या सेवेत असे 40 प्रॉक्सी आहेत असं धरा. सगळं नीट चाललं असेल तर एका क्षणी वीस सर्व्हरांवर मिळून 47 च्या आसपास कामं चालू असतात. ती 40 प्रॉक्सींत वाटली तर प्रत्येकाच्या खात्यावर एखादंच काम. असा प्रॉक्सी दोन सर्व्हर उचलतो आणि बघतो, तर बहुतेक वेळा दोघांवरही त्याची स्वतःची कामं शून्य. दहापैकी नऊ वेळा बरोबरी. बरोबरी झाली की निवड रँडमच होते. सेटिंगमध्ये दोनांतून एक लिहिलंय, पण वागणूक जवळपास निव्वळ रँडमची. रांगा वाढू लागल्या की बरोबऱ्या थोड्या कमी होतात, तरी प्रॉक्सीला दिसतो तो त्याचा स्वतःचा तुकडाच. सातव्या सर्व्हरवर इतरांची सहा कामं पडली आहेत हे त्याला कळत नाही.

हे होतंय का ते ओळखण्यासाठी सर्व्हरच्या बाजूने मोजावं लागतं. एकाच क्षणी सगळ्या सर्व्हरांवर चालू असलेल्या कामांचे आकडे घ्या. पद्धत चालत असेल तर गर्दीतही ते एकमेकांच्या जवळ असतात: दोन, तीन, एक, चार. ती नावापुरती असेल तर एकीकडे शून्य आणि दुसरीकडे दहा-बारा दिसतात. उपाय दोन. प्रॉक्सी कमी ठेवून प्रत्येकाकडून जास्त रिक्वेस्ट जातील असं करायचं, नाहीतर सर्व्हरने प्रत्येक उत्तरासोबत आपल्यावरच्या एकूण कामाचा आकडा पाठवायचा, म्हणजे निर्णय फक्त स्वतःच्या खात्यावर घ्यावा लागत नाही.

एनजिनएक्स हा बॅलन्सर वापरणाऱ्यांना ही अडचण एका मशीनच्या आतही येते, कारण त्याचे अनेक वर्कर असतात आणि प्रत्येक वर्कर आपापलं मोजतो. `zone` ही ओळ लिहिली की ते आकडे सगळ्या वर्करांत सामायिक होतात. ती विसरू नका:

```
upstream aushadh {
    zone aushadh 64k;
    random two least_conn;
    server 10.0.0.11:8080;
    server 10.0.0.12:8080;
    server 10.0.0.13:8080;
}
```

`random two` ही सोय एनजिनएक्सच्या 1.15.1 आवृत्तीपासून आहे. एचएप्रॉक्सीमध्ये हेच `balance random(2)` असं लिहितात. एन्व्हॉयमध्ये `LEAST_REQUEST` निवडलं आणि सगळ्या सर्व्हरांचं वजन सारखं असलं, की तो मुळातच दोन उचलून तुलना करतो.

आता एक असा बिघाड, जो या पद्धतीने ओढवतो आणि याच पद्धतीने आवरलाही जातो. समजा बाराव्या सर्व्हरचं डेटाबेसशी जोडलेलं कनेक्शन तुटलं. तो बंद पडला नाही. प्रत्येक रिक्वेस्टला दोन मिलिसेकंदांत `500`, म्हणजे बिघाड झाल्याचं उत्तर देऊन मोकळा होतो. बॅलन्सरला काय दिसतं? एक अत्यंत चपळ सर्व्हर, ज्याच्यावर चालू कामं कायम शून्य. सगळ्यांत मोकळा निवडण्याची पद्धत असती तर गर्दीचा मोठा हिस्सा त्याच्याकडे लोटला असता आणि एका सर्व्हरपायी सेवेचा बराच भाग कोसळला असता. दोनांतून एकमध्ये तो फार तर 10 टक्के रिक्वेस्ट ओढतो. निव्वळ रँडममध्ये 5 टक्के गेल्या असत्या. म्हणजे या एका बाबतीत रँडम सरस आहे.

खूण अगदी स्पष्ट असते: बाकीच्यांपेक्षा दुप्पट रिक्वेस्ट झेलणारा, सगळ्यांत कमी वेळात उत्तर देणारा आणि ज्याची जवळपास सगळी उत्तरं चुकीची आहेत असा एक सर्व्हर. सर्व्हरवार सरासरी वेळेचा ग्राफ बघणारा माणूस त्याला सर्वांत निरोगी समजेल, म्हणून वेळ आणि चुका हे दोन ग्राफ शेजारी ठेवूनच बघावेत. असा सर्व्हर बाजूला काढण्याची वेगळी व्यवस्था लागते. एनजिनएक्समध्ये त्यासाठी `max_fails` आणि `fail_timeout` आहेत, पण तो `500` हे उत्तर आपणहून अपयश धरत नाही. `proxy_next_upstream` मध्ये `http_500` असं लिहून सांगावं लागतं. पुष्कळ ठिकाणी `max_fails` लिहिलेलं असतं आणि ही दुसरी ओळ राहून गेलेली असते.

शेवटची गोष्ट सर्व्हर एकसारखे नसण्याची. वीसपैकी दहा सर्व्हर जुने आणि बरेच मंद आहेत, आणि बाकीचे दहा नवे, प्रत्येकी सेकंदाला 50 रिक्वेस्ट उरकणारे आहेत असं समजा. मोकळा निवडायचा म्हटल्यावर मंद सर्व्हर आपोआप टाळले जातील असं वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण कधीकधी जोडीतले दोन्ही सर्व्हर मंदच निघणार, आणि मग पर्याय उरत नाही. हे किती वेळा होईल? 20 पैकी 10 मंद असतील तर पहिला मंद निघण्याची शक्यता निम्मी, त्यानंतर दुसराही मंद निघण्याची 19 पैकी 9. गुणाकार सुमारे 24 टक्के. सेकंदाला 450 मधल्या 106 ते 107 रिक्वेस्ट त्या दहा सर्व्हरांवर पडणारच, काहीही केलं तरी. ते दहा मिळून सेकंदाला 80 च उरकू शकत असतील, तर नवे दहा सर्व्हर कितीही मोकळे असोत, जुन्यांच्या रांगा वाढतच जातील. इथे तुलना कितीही चोख केली तरी उपयोग होत नाही, कारण चूक तुलनेच्या आधी, जोडी निवडतानाच झालेली असते. एनजिनएक्समध्ये प्रत्येक `server` ओळीवर `weight` लिहिता येतं आणि `random two` जोडी काढतानाच ते विचारात घेतं. नव्या सर्व्हरला `weight=3` आणि जुन्याला `1` दिलं, की दोन्ही जुने एकदम जोडीत येण्याची वेळ शंभरात पाचसहांदाच येते, आणि जुन्यांच्या वाट्याला सेकंदाला किमान जे पडायचंच ते त्यांच्या 80 च्या आवाक्यात राहतं.